कामून

आमच्या बेकरीचा टोस्ट एवढा कडक की जामखेडात एका म्हाताऱ्याने चहात बुडवला तेव्हा चहाच मऊ पडला. मी त्या टोस्टचा लाईनवाला. टेम्पोत माल भरायचा, दुकानं-टपऱ्या करत सुटायचं, माल उतरवायचा, वसुली घेऊन संध्याकाळी नगरला परत. जामखेडची लाईन माझी, राहुरीची दुसऱ्याची. तो दुसरा रोज शर्टाला इस्त्री करायचा. टोस्ट विकणाऱ्याने इस्त्री करावी म्हणजे कसायाने अत्तर लावावं, पण मी कशाला बोलू.

दसऱ्याच्या आधी शेठच्या सूनबाई पुण्याहून शिकून आल्या आणि त्यांनी बेकरीला पहिलं बजेट दिलं. तोवर शेठचं बजेट म्हणजे गल्ल्यात हात घालून केलेला अंदाज. सूनबाईंकडे आकडा एकच होता, गेल्या वर्षीचा एकूण खप. शेठने तो घेतला आणि पोळीसारखा तोडला: आधी चार तिमाह्या, मग दोन लाईनी. प्रत्येकाच्या वाट्याला तिमाहीला बाराशे पेट्या. वर शेठचा कायदा असा की बाराशेच्या वर जाईल त्याला प्रत्येक जादा पेटीमागे इन्सेंटिव्ह, आणि पाव हिश्शाहून जास्त खाली येईल त्याची लाईन काढून घेणार. लाईन गेली की बेकरीत दुसरं काम नाही.

जानेवारीत आढावा भरला. भट्टीशेजारच्या खोलीत, जिथे भिंतीला पाठ टेकली तर पाठीचीच खारी व्हावी. टेबलावर सूनबाईंचा लॅपटॉप. त्यात एका रकान्यात ठरवलेलं, दुसऱ्यात झालेलं आणि तिसऱ्यात तफावत.

पहिला नंबर भट्टीवाल्याचा. मैद्याचा खर्च बजेटच्या बराच वर गेला होता. शेठने त्याला चोर म्हणून घेतलं, आळशी म्हणून घेतलं, त्याच्या आजोबांपर्यंत पोचत होते. सूनबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, माल ठरवला होता जवळजवळ तेवढाच निघाला, मैदाही पोत्यांच्या हिशेबात तेवढाच लागला. जादा गेलेत ते भावाचे, भट्टीचे नाहीत. शेठने मान डोलावली. भाव काही याच्या बापाने वाढवला नाही हे कबूल केलं. मग त्याचा दोन वेळचा चहा बंद केला.

मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. माणूस निर्दोष ठरला की शेठला नेमकं काय सुचतं, हे समोर दिसत होतं.

मग लाईनी. राहुरी: ठरवलेले बाराशे, झाले सोळाशे दहा. जामखेड: ठरवलेले बाराशे, झाले सातशे ऐंशी. माझ्या तफावतीचा आकडा लालभडक, बैलाला दाखवला असता तर बैल बिथरला असता. चारशे वीस कमी म्हणजे पाव हिश्शाच्या कितीतरी पलीकडे. शेठने टेम्पोची किल्ली मागायला हात पुढे केला आणि हसत म्हणाले, "तुझ्यापेक्षा टेम्पो एकटा सोडला असता तरी एवढा माल खपला असता."

मी किल्ली खिशात घट्ट धरून बोलायला लागलो. दिवाळी झाली आणि माझी माणसं ऊस तोडायला गेली, हे सांगितलं. वाड्यांवर एवढी कुलपं की कुलपांची एजन्सी घेतली असती तर मी आज शेठ असतो. एका वस्तीवर तर मला बघून कुत्र्याने मुक्काम कर म्हणून पाय धरले. शेठला कुत्रा आवडला, कारण पटलं नाही. कारणं सगळ्यांकडे असतात म्हणाले, आणि राहुरीवाल्याला सांगितलं, बाबा, तू कसा विकतोस ते याला शिकव.

तो उठला. खरंच उठून उभा राहिला, लग्नात भाषणाला उठतात तसा. गिऱ्हाईकाच्या मनात शिरावं लागतं म्हणाला. त्याने नवी गिऱ्हाइकं जोडली होती, साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या टपऱ्या, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांजवळची दुकानं. मी साळसूदपणे विचारलं, ही नवी माणसं बोलतात कशी, सांग की, मलाबी शिकायचंय.

त्याला नकला करायची हौस. कंबरेवर हात ठेवून, बाईचा आवाज काढून म्हणाला, "आवो, टोस म्हाग कामून केला?"

शेठ खो-खो हसले. मीही हसलो, त्यांचं संपेपर्यंत. मग म्हणालो, "शेठ, राहुरीत 'का'ला कामून कोण म्हणतं? ती बाई माझ्या लाईनीची हाय."

सूनबाईंनी दोन्ही लाईनींची बेरीज केली. ठरवलेले चोवीसशे, झालेले तेवीसशे नव्वद. अख्ख्या बेकरीची तफावत दहा पेट्या. खप घटला नव्हता, वाढलाही नव्हता. बिऱ्हाडं पाठीवर घेऊन जामखेडाहून राहुरीला चालत गेला होता. सूनबाई म्हणाल्या, चूक लाईनवाल्याची नाही, बजेटची आहे, सगळ्या तिमाह्या सारख्या धरल्या ही आपली चूक. गाळप मार्चपर्यंत चालेल, तेव्हा पुढच्या तिमाहीचं लक्ष्य आता दिसतंय तसं लावावं: जामखेड सातशे ऐंशी, राहुरी सोळाशे दहा.

मी मनातल्या मनात फेटा बांधला.

शेठ माझ्याकडे पाहून मायेने हसले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, तुझं खरं आहे, लाईन काढत नाही. फक्त सातशे ऐंशी पेट्यांना आठवड्याचे सहा दिवस टेम्पो कशाला पळवायचा? तीन दिवस पुरे, पगारही अर्धा. मग इस्त्रीवाल्याकडे वळले. चारशे दहा जादा पेट्यांचा इन्सेंटिव्ह तो मनातल्या मनात खर्च करून बसला होता, बायकोला शिलाई मशीन सांगून ठेवली होती.

"तोंडं आपल्या पायांनी चालत आली," शेठ म्हणाले. "तू काय त्यांना कडेवर घेऊन आलास?"

इन्सेंटिव्ह रद्द. आणि लक्ष्य मात्र सोळाशे दहा, कारण ते आता सिद्ध झालं होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेवर टोस्ट भाजला असता.

मी धीर करून विचारलं, पाडव्यानंतर माणसं घरी परततील, जामखेडचा आकडा वर जाईल, त्याचं काय? शेठने सूनबाईंना लिहून घ्यायला सांगितलं की एप्रिलपासून जामखेडला सोळाशे दहा धरा. मला म्हणाले, माणसं परत येतील तीही आपल्याच पायांनी. त्यात तुझं काय?

सूनबाईंनी तोंड उघडलं होतं. सासऱ्यांनी बघितलं, त्यांनी आकडा लिहून घेतला.

उरलेल्या तीन दिवसांचं विचाराल तर शेठ दयाळू निघाले. राहुरीला माल जादा, उतरवायला माणूस हवाच. निम्म्या हजेरीवर मला त्या टेम्पोत मागे बसवलं. पुढे इस्त्री, मागे पेट्या आणि मी. तो खड्डे शोधून काढायचा. राहुरीच्या वाटेवर जेवढे खड्डे नाहीत तेवढे त्याला सापडायचे.

पहिल्याच दिवशी कारखान्यालगतच्या एका टपरीवर पेटी डोक्यावर घेऊन उतरलो. कोपीतून एक बाई पैसे मुठीत धरून आली. वर्षानुवर्षं माझ्याकडून टोस्ट घेणारी, जामखेडची. माझ्याकडे बघत राहिली.

"आवो, तुमी हितं कामून?"

पुढे बसलेला खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "सांग की तिला. तुला लई चांगलं समजावता येतं."