लॅब पाहिजे, असं मी लिहिलं होतं

आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याच्या लॅबमध्ये मी चार हंगाम काढले. रसाचा ब्रिक्स म्हणजे दाटपणा बघायचा, पोल म्हणजे साखरेचा टक्का काढायचा, चिपाडातला ओलावा तपासायचा आणि पाळी संपली की केमिस्ट साहेबांच्या टेबलावर आकडे ठेवायचे. नोकरी हंगामी होती, पण काम मला मनापासून आवडायचं. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. उभा ऊस चारा छावण्यांत गेला, जनावरांनी खाल्ला, आणि कारखान्याने गाळप घेणार नाही असं जाहीर केलं. हंगामी लोकांना कुणी काढत नाही, कुणी बोलावतच नाही. एवढाच काय तो फरक.

मग पुण्याच्या एका बाईंचा मोबाइलवर मेसेज आला. माणसं शोधून देण्याचं काम करणारी त्यांची संस्था होती. सोलापूरकडच्या एका खासगी कारखान्यात जागा होत्या: लॅब केमिस्ट, डिस्टिलरीत ज्युनिअर केमिस्ट आणि टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, मदतनीस. खाली विचारलं होतं, 'यापैकी आपली पसंती कोणती? कधी रुजू होऊ शकाल?'

पसंती. हा शब्द मी दोनदा वाचला. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्यांना पसंती असते. नोकरीच्या बाबतीत तो शब्द मला कुणी वापरलेला नव्हता.

उत्तर लिहायला मी अख्खी दुपार घेतली. 'पहिली पसंती लॅब केमिस्ट. या कामाचा चार हंगामांचा अनुभव आहे. दुसरी डिस्टिलरी, तिथला अनुभव नाही, पण विषय माझाच आहे. टाइम ऑफिससाठी कृपया माझा विचार करू नये. आठ दिवसांत रुजू होऊ शकते. जागा हंगामी आहे की बारमाही, तेवढं कळवावं.' बाईंचं उत्तर आलं, 'स्पष्ट लिहिलंत, बरं झालं. लॅबसाठी नाव पुढे पाठवते.' मी तो मेसेज बाबांना वाचून दाखवला.

माझे बाबा त्याच सहकारी कारखान्यात मिलच्या खात्यात कामाला होते, आता घरी होते. बौद्ध वस्तीतून कायम झालेल्या मोजक्या माणसांत त्यांची गणती व्हायची आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी मेसेज ऐकला आणि म्हणाले, "नको म्हणून कावून लिवलं? काम द्यायलेत ते तुला."

"बाबा, त्यांनीच विचारलंय."

"इचारत्यात. म्हणून सांगायचं असतंय व्हय? तुमी द्याल ते, आसं म्हणायचं. मंग ते बी खूश, आपलं बी काम."

आमच्याकडची रीत तीच होती. नोकरी हवी असली की संचालकाच्या बंगल्यावर जायचं, चपला लांब काढायच्या, चहा आला तर उभ्यानेच प्यायचा आणि म्हणायचं, साहेब, कुठंबी टाका. ज्याने अमुकच काम मागितलं, त्याला शिंगं फुटली असं समजत. ही रीत बाबांच्या हाडात मुरली होती. मी म्हटलं, पुण्याची बाई संचालक नाही, तिला नेमकं सांगितलं तरच तिचं काम सोपं होतं. ते 'हूं' म्हणाले. आपलं पोर शिकून जरा बिघडलंय, हे सांगायला त्यांना 'हूं' पुरायचं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी घागरी घेऊन रांगेत गेले आणि फोन चार्जिंगला घरातच राहिला. परत आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते, चेहरा उजळलेला.

"फोन आलता तुज्या बाईचा," ते म्हणाले. "लई चांगली बाई. म्या सांगून टाकलं सगळं."

"काय सांगितलं?"

"म्हणलं, पोरगी जरा हट्टी हाय, तिचं मनावर घेऊ नका. कुटंबी घ्या. पडेल ते काम करील."

घागर माझ्या कमरेवरच राहिली. तशीच आत गेले आणि बाईंना फोन लावला. त्या गोड बोलल्या. लॅबसाठी त्यांच्याकडे तीन नावं होती, टाइम ऑफिससाठी एकही मिळत नव्हतं. "तुमच्या घरून कळलं की तुम्हाला काहीही चालेल, म्हणून तुमचं नाव मी तिकडे वळवलं. लॅबची यादी मघाशीच गेली."

"पण मी लिहून दिलं होतं, नको म्हणून."

"हो, पण वडील म्हणाले ना." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, माणसाचं एकच मत नाही असं दिसलं की कंपनी लॅबसारख्या जागेवर घेत नाही."

हे त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितलं. तिसरी जागा भरल्याचं समाधान त्यांच्या आवाजात होतं, आणि मला त्यांचा फार राग आला. मी लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. बापाचं ऐकणं त्यांना सोयीचं होतं, म्हणून त्यांनी ऐकलं. रुजू होणार का, ते संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांचं तोंड उतरेल. ते म्हणाले, "मंग घे की ते. हापिसात खुर्चीवर बसशील. म्या तर मळी उपसलीया."

"तुम्ही उपसली म्हणून मी पण उपसू?"

शेजारची बाई बघत होती. बाबांनी आवाज खाली घेतला. "मला बी एकदा इचारलतं, काय काम पायजे. नवा होतो. बॉयलर, म्हणलो. साहेब समद्यांपुढं हसला. म्हणला, ह्याला बॉयलर पायजे. दोन वर्सं मळीच्या टाकीवर ठिवलं. तवापासून म्या कुणाला काय पायजे, ते सांगितलं न्हाई."

मला त्यांची दया आली. अगदी पोटातून आली. पण त्या दयेने राग जरासुद्धा विझला नाही, उलट पेटला. मी म्हणाले, "त्या साहेबानं तुमचं तोंड बंद केलं, अन् तुम्ही माझं. तो परका तरी होता."

मी त्यांच्यासमोर उभी राहून मेसेज लिहिला, 'टाइम ऑफिसची जागा मला नको.' आणि पाठवला. काय लिहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी ते जेवले नाहीत. आई मला म्हणाली, बापाला असं बोलतात का? मी तिलाही दोन शब्द सुनावले.

ते वर्ष मी घरीच काढलं. पाण्याच्या रांगा, छावणीतल्या जनावरांची गणती करायचं रोजंदारीचं काम, आणि घरात बाबांचं मौन. पुण्याच्या बाईंना मी आणखी दोनदा लिहून कळवलं की लॅबची जागा निघाली तर मला हवी आहे. उत्तर आलं नाही.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी मी पाण्याच्या रांगेतून आले, तर घरी राहिलेल्या फोनवर पुण्याच्या बाईंचा न उचललेला कॉल होता. एकदाच नाही, तीनदा आलेला. मी लगेच लावला. "अहो, लॅबचा एक जण सोडून गेला, आज बारापर्यंत नाव द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही उचलला नाही, मग दुसऱ्याला दिलं."

बाबा फोनच्या शेजारीच बाजेवर बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"वाजत होता, तर हाक का मारली नाही?" मी विचारलं.

"तुजा फोन हाय," ते म्हणाले. "मला काय म्हाईत, तुला काय पायजे."