धम्मरत्नला टोमणा कळत नाही

भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग काढणारा एक लहान कारखाना आहे. माझा मुलगा धम्मरत्न आयटीआय करून तिथे लागला आणि काही वर्षांत डाय सेटर झाला. म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवायचा, मशीन लावून द्यायचं आणि पहिला भाग बरोबर निघाला की बाजूला व्हायचं. कामात तो चोख होताच. पण कारखान्यात त्याचं नाव होतं ते जिभेमुळे.

त्याची पद्धत ठरलेली होती. चेहरा कोरा ठेवायचा, आवाज जरा संथ करायचा आणि एरवी ज्याला अरेतुरे करतो त्याला एकदम अहो म्हणायचं. कोणी उशिरा आला की म्हणायचा, “या साहेब, तुमच्यासाठीच कंपनी थांबवली होती.” प्रेसच्या आवाजात निम्मे शब्द ऐकू येत नाहीत, सूर तर नाहीच. तरी सगळ्यांना कळायचं, कारण ते त्याला ओळखत होते. नव्या पोरांना मात्र आठवडाभर वाटायचं की हा माणूस फार आदराने बोलतो.

दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना मोशीच्या अलीकडे त्याची गाडी वाळूवरून घसरली. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. डोक्याला उजव्या बाजूला पुढे मार बसला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला ओळखलं, बहिणीला ओळखलं आणि आपला मोबाईल नंबर बरोबर सांगितला. पुढे चालू लागला, जेवू लागला, पेपर वाचू लागला. फक्त आवाज सपाट झाला होता. अशक्तपणामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग एक दिवस आम्रपाली, त्याची धाकटी बहीण, तळवड्याच्या ऑफिसातून फार उशिरा आली. मी दार उघडत म्हटलं, “या राणीसाहेब, आज लवकर सुटलात.” धम्मरत्नने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, लवकर कुठे? नऊ वाजून गेलेत.” आम्ही दोघी हसलो. आम्हाला वाटलं, पोरगं पूर्वपदावर आलं, पुन्हा तसंच कोऱ्या चेहऱ्याने बोलायला लागलं. असं बरेच दिवस चाललं. तो सरळ अर्थ घेऊन सरळ उत्तर द्यायचा आणि आम्ही त्यालाच थट्टा समजून हसायचो. जन्मभर कोरा चेहरा ठेवून उलट बोलणाऱ्याचं खरं कोण ऐकणार?

कळलं ते ज्ञानेशमुळे. ज्ञानेश त्याच्याच कारखान्यातला, बीडकडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा. दोघांची दोस्ती शिव्यांवर आणि टोमण्यांवरच उभी होती. तो भेटायला आला आणि पाठीत थाप मारून म्हणाला, “तू नाहीस तर कारखान्यात लई सुख आहे भावा. कोणी नावसुद्धा काढत नाही तुझं.” हे सांगायला तो रजा टाकून, हातात शहाळी घेऊन आला होता. ऐकणाऱ्याने शहाळ्यांकडे पाहायचं असतं, शब्दांकडे नाही. ज्ञानेश गेल्यावर धम्मरत्न मला म्हणाला, “त्याला सांग, परत येऊ नको म्हणावं. मी नाही तर त्यांना बरं वाटतंय.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी मी हसले नाही.

पुढच्या तपासणीला मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला थेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांनी लहान लहान प्रसंग दाखवले. एक बाई जड पिशव्या उचलते आहे, नवरा सोफ्यावर मोबाईल बघतो आहे आणि ती म्हणते, “फार मदत केलीत तुम्ही.” दुसऱ्या प्रसंगात नवरा पिशव्या उचलतो आणि ती तेच वाक्य म्हणते. तिसऱ्यात नवरा बसूनच असतो, पण ती सासूसमोर त्याची बाजू सांभाळायला तेच म्हणते. धम्मरत्नला दुसरा प्रसंग लगेच कळला. पहिल्यात तो म्हणाला, “ती खोटं बोलतेय.” तिसऱ्यातही म्हणाला, “खोटं बोलतेय.”

बाईंनी मला बाहेर बसवून समजावलं. खोटं आणि टोमणा, दोन्हींत शब्द वस्तुस्थितीला सोडून असतात. फरक बोलणाऱ्याच्या मनात असतो. खोटं बोलणाऱ्याला ते झाकायचं असतं. टोमणा मारणाऱ्याला वाटत असतं की समोरच्याने ते ओळखावं, म्हणून तो खुणा सोडतो. शब्द ताणतो, गरजेपेक्षा जास्त गोड होतो, भुवई वर नेतो नाहीतर चेहरा मुद्दाम सपाट ठेवतो. ऐकणारा समोरची गोष्ट, सूर, चेहरा आणि त्या माणसाशी असलेली ओळख, सगळं एका क्षणात जुळवतो आणि हा जाणूनबुजून उलट बोलतोय हे त्याला कळतं. “आपल्याला वाटतं की आपण फक्त ऐकलं,” त्या म्हणाल्या. “त्याला शब्द सगळे कळतात. हे जुळवणं निसटतंय.” सुधारेल का, असं मी विचारलं. काही प्रमाणात, म्हणाल्या.

मी बी. ए.ला मराठी घेतलं होतं. व्याजस्तुती, वक्रोक्ती, सगळं पाठ होतं. शब्द कळूनही बोलणं कळू नये, हे त्या पुस्तकांत कुठे नव्हतं.

आम्ही घरी सराव सुरू केला. डोळ्यांना दिसतं ते आणि कानांना ऐकू येतं ते जुळत नसेल तर थांबायचं. कोणी अचानक अहो-जाहो केलं, ‘वा’ फार लांबवलं, तर संशय घ्यायचा. त्याने हे नियम डाय बसवावी तसे नीट बसवले आणि मग ते सगळीकडेच लागायला लागले. एका सकाळी आम्रपाली मनापासून म्हणाली, “वा दादा, छान दिसतोयस या शर्टात.” त्याने आत जाऊन शर्ट बदलला. मी भाकरी वाढताना म्हणायची, “पोटभर खा बाबा,” तर तो घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघायचा. आधी त्याला सगळंच खरं वाटायचं, आता प्रेमाचं बोलणंही बोचायला लागलं. घरात आम्ही सगळे मोजून बोलायला लागलो. थट्टा गेली तसं कौतुकही गेलं. भाजी हवी का, औषध घेतलंस का, दार लावलंस का, एवढंच बोलणं उरलं.

अशात त्याला फिटनेस सर्टिफिकेट मिळालं. पकड, नजर, तोल, रक्तदाब, सगळं ठीक होतं. या गोष्टीसाठी त्यात रकाना नव्हता. मी विलासना, म्हणजे त्याच्या पप्पांना म्हटलं की मालकांना सांगू या. त्यांनी सारी नोकरी कंपनीत काढलेली. ते म्हणाले, “काय सांगणार? पोराला टोमणे कळत नाहीत म्हणून? डोक्याचा पेशंट असं एकदा नाव पडलं की भोसरी ते चाकण कोणी दारात उभं करणार नाही.” त्यांचंही खरं होतं. आणि धम्मरत्नला तर कामावर जायचंच होतं. डाय लावताना तरी माझं डोकं बरोबर चालतं, म्हणायचा. मी मालकांना काही सांगितलं नाही. ज्ञानेशला तेवढं बजावलं की याच्याशी सरळ बोल. त्याने तसं वचन दिलं आणि पाळलंही. पण वचन धम्मरत्नशी बोलण्यापुरतं होतं.

त्या दिवशी एका प्रेसचा सेन्सर सारखा अडत होता. हात आत असला की मशीन थांबवणारा तो सेन्सर. विनाकारण मशीन थांबत होतं, माल तटला होता आणि ऑपरेटर कुरकुरत होता. ज्ञानेश वैतागून त्या ऑपरेटरला म्हणाला, “मग बंदच करून टाक ना सेन्सर. बोटं तशीही जास्तच झालीत तुला.” ऑपरेटर ओशाळला आणि आत अडकलेला तुकडा काढायला वाकला. धम्मरत्न पॅनेलजवळच उभा होता. सेन्सर बंद करायची किल्ली सेटरकडेच असते. त्याने ती फिरवली.

ज्ञानेशने लगेच मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं म्हणून काही झालं नाही. संध्याकाळी तो घरी येऊन मला सगळं सांगत होता तेव्हा धम्मरत्न शेजारीच बसला होता.

“मी विचारलं त्याला, भावा, असं कामून केलंस?” ज्ञानेश म्हणाला. “तर म्हणतो, बोटं जास्त झालीत ते मला कळलं नाही. पण बंद कर म्हणालास ते कळलं.”

“तूच म्हणालास,” धम्मरत्न म्हणाला. “सेन्सर अडतच होता. ते जुळत होतं.”

खरंच जुळत होतं. मी शिकवलेल्या नियमात ते वाक्य पास झालं होतं. पुढचं बोटांचं ऐकल्यावर मागे जाऊन आधीचा अर्थ उलटवायचा असतो, ते मी शिकवलं नव्हतं. ते कसं शिकवतात, मला माहीत नाही.

ज्ञानेश म्हणाला, “काकू, मालकापर्यंत गेलं नाही. आमी सांभाळून घेऊ.” विलासनी मान हलवली. ते दोघं कसं सांभाळायचं याचं बोलत राहिले आणि मी त्या ऑपरेटरचा विचार करत राहिले. त्याचं नाव सोनू, एवढंच कळलं होतं. त्यालाही कोणी आई असेल. सांगितलं तर माझ्या मुलाचं काम जाणार होतं, न सांगितलं तर कधीतरी कोणाचा तरी हात जाणार होता. आणि अख्ख्या कारखान्याला सरळ बोलायला लावणं माझ्या हातात नव्हतं. माणसं थकली की वाकडंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसने भोसरीला गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रेसवर ठेवता येणार नाही, म्हणाले. तपासणीच्या टेबलावर गेज लावून भाग मोजायचं काम देता येईल. ती खोली वेगळी आहे, दार लावलं की आवाज येत नाही. धम्मरत्नची किल्ली त्यांनी त्याच दिवशी काढून घेतली.

घरी मीच त्याला सांगितलं की मालकांकडे मी गेले होते. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाला, “चांगलं केलंस आई.”

मी त्याच्याकडे पाहिलं. समोरची गोष्ट अशी की त्याचं आवडतं काम माझ्यामुळे गेलं होतं. सूर सपाट होता, पण आता तो सदाच सपाट असतो. चेहरा कोरा होता, तोही सदाच असतो. आणि ओळखीवर जावं, तर जुना धम्मरत्न हे वाक्य माझ्या काळजात सुरीसारखं खुपसायला असंच म्हणाला असता. आता त्याला तसं बोलता येतं का, हे थेरपिस्ट बाईंनाही नक्की सांगता येत नाही.

तो रोज गेजच्या खोलीत कामाला जातो. मी डबा भरून देते, तो घेतो. ते वाक्य त्याने कोणत्या अर्थाने म्हटलं, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तरी उत्तर त्याच आवाजात येईल.