सुईबाईने धुतलेला मास्क

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. गल्लीत तिला सगळे सुईबाई म्हणतात. अंगाने सुईसारखी, जीभही तशीच. दमा मात्र लहानपणापासूनचा. मशीनवर बसली की पायापेक्षा छातीच जास्त वाजते, असं मी चिडवायची. यंदा डोंगराला आग लागली आणि ती चेष्टा माझ्या घशातच अडकली.

धूर असा, की दुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. खिडकीच्या कडेला राख साचायची. सुईबाईने मागचापुढचा विचार न करता कपाटातले कपडे काढले आणि गल्लीभर मास्क शिवून वाटले. फुलाफुलांचे, दुहेरी अस्तराचे. शिवण अशी की उलटं-सुलटं कळू नये.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, दगड कापायच्या कारखान्यात काम करतो. तिथे धुळीसाठी मिळतात तसले टणक, वाटीच्या आकाराचे दोन मास्क त्याने घरी आणले. मागे दोन पट्टे, एक डोक्यावरून, एक मानेवरून.

"हा घाल. तुझ्या त्या फुलांनी काही होत नाही," तो म्हणाला.

"माझ्या शिवणीत खोट काढू नका! कढईचं झाकण बांधल्यासारखी दिसेन," ती म्हणाली. पण घातला. त्या दिवशी छाती बरीच शांत होती. एवढा फरक मीही पाहिला.

दुसऱ्या दिवशी मास्क राखेने काळवंडला, घामाचा वासही येऊ लागला. शिवणाऱ्या बाईला मळकी वस्तू बघवते होय! तिने तो साबणाने चोळून धुतला, दोरीवर वाळवला. "बघा ताई, नवाकोरा," असं म्हणून तो तोंडाला लावला आणि शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली. आधी दाराबाहेर पाय टाकायला घाबरायची, पण आता तोंडावर पक्का मास्क होता ना! पार बाजारापर्यंत गेली.

परत आली ती उंबऱ्यालाच बसली. ओठ निळसर. श्वास आत जाईना, शिटी वाजल्यासारखा आवाज. मी तिचा मास्क ओढून काढला. तिने दम्याच्या फवाऱ्याची डबी दाबली, तरी धाप थांबेना. "ताई," एवढंच म्हणाली. दिराला फोन लावताना मी तीनदा चुकले. गाडीतून दवाखान्यात जाताना मी तिच्या छातीवर हात ठेवून होते. वरखाली होतेय का, एवढंच बघत होते.

तिथे मशीनने औषधाची वाफ दिली. बऱ्याच वेळाने शिटी हळू झाली. डॉक्टरीणबाईने तो मास्क हातात घेऊन विचारलं, "हा धुतलात?"

"साबणाने. स्वच्छ," सुईबाई कशीबशी म्हणाली.

"तिथेच घात झाला. धुरातले बारीक कण धाग्यांमधल्या फटीतूनही निसटतात, चाळणीत अडकावेत तसे अडकत नाहीत. या मास्कच्या धाग्यांत विजेचा भार असतो, तो कणांना ओढून चिकटवतो. साबणाने तो भार निघून जातो. वरून मास्क तसाच दिसतो, पण काम पहिल्यासारखं करत नाही."

सुईबाई म्हणाली, "म्हणजे नायलॉनचं अस्तर कापताना कातरण बोटाला चिकटतं, झटकलं तरी जात नाही, तसं?"

"अगदी तसं."

"आणि माझे कापडी?"

"त्यांत तो भार नाही, आणि कडेला फटी राहतात. घातल्यावर चष्म्यावर वाफ येते ना? जिथून ती बाहेर येते, तिथूनच धूर आत जातो. हवा सोपी वाट शोधते, बाई. कापडातून गाळून जायची तिला काय हौस?"

दीर एरवी कोपरखळी मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी त्याने खिशातून उरलेला दुसरा मास्क काढून पुढे केला. डॉक्टरीणबाईने सुईबाईला तो घालायला शिकवला. दोन्ही पट्टे आपल्या जागी, नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग तळवे कडेला ठेवून जोरात श्वास सोडायचा. गालावर वारा लागला तर तार पुन्हा दाबायची. "आणि घरातच राहायचं. मास्क म्हणजे बाहेर फिरायचा परवाना नव्हे."

घरी आल्यावर सुईबाई झोपेना. "ताई, ती फुलांची पोरं..." म्हणाली.

मलाही तेच दिसत होतं. समोर गल्लीतली मुलं, तिच्या फुलांच्या मास्कमागे हसत राखेत खेळणारी. आयांनीच बाहेर सोडलेली, कारण सुईबाईने शिवलंय म्हणजे पक्कंच.

"तू गप पड. मी जाते," म्हटलं.

तिने स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढून दिला. "कडा दाबा ताई. कपाळाला गंध लावल्यासारखं नाही, चांगलं दाबा."

खिडक्या घट्ट लावून मी बाहेर पडले. समोरचं घरही दिसत नव्हतं, नुसता मुलांचा आवाज येत होता, आणि त्यात कुणीतरी खोकत होतं. तेवढ्यात माझ्या चष्म्यावर वाफ आली. मी तिथेच थांबले, श्वास धरला आणि तार पुन्हा दाबली. मग त्या खोकल्याच्या दिशेने हाका मारत निघाले, "घरात जा रे, घरात जा!"