हो हो म्हणणाऱ्याची बायको

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट मामींच्या हाती होता. लग्न होऊन आल्या त्या थेट विंगेतच उतरल्या. नवरा रंगभूषाकार, सगळ्यांचा मामा. म्हणून या मामी. राणीचं काम माझं, पण मला राणी करायची ही दोघं: मामा तोंड रंगवायचे, मामी पाठीमागे हूक लावता लावता पुटपुटायच्या, "पोट आत घे गं, राज्य बुडेल."

मामींचा संसार म्हणजे दोन ट्रंका, एक इस्त्री आणि मामा. त्यांतल्या तिसऱ्या वस्तूवर त्यांचा फार जीव, आणि फार पहारा.

एकदा दौरा परमुलखात गेला. भाषा अगदी निराळी. आम्ही तिघं एका बाईंच्या घरी उतरलो. घरमालकीण गोरीगोमटी, हसरी, एकटी. सकाळी ती अंगण झाडत असायची आणि मामांना विचारायची, "रात्र चांगली गेली का?" तिथलं 'नमस्कार' ते हेच.

मामांना येत होते उणेपुरे चार शब्द. पण कान तयार! नटांच्या नकला करण्यात हयात गेलेली. त्यांनी उत्तर दिलं ते तिथल्याच हेलात, शेवटचं अक्षर अलगद खाली सोडून. बाईंना वाटलं, माणूस भाषेत मुरलेला आहे. झालं, धबधबा सुटला! मामांना त्यातलं ओ की ठो कळेना. ती थांबली की हे "हो हो", ती हसली की हेही हसले.

मामी वर खिडकीत, तोंडात टाचण्या.

"काय एवढं खिदळत होतात?"

"काही नाही गं. हवापाणी."

"हवापाण्याला हसू येतं होय? माझ्याशी बोलताना कधी दात दिसले नाहीत तुमचे!"

आठवडाभर हेच. मामींच्या इस्त्रीखाली माझा शालू करपला. शेवटी जळफळत माझ्याकडे आल्या. त्या मुलखात मी पूर्वी एक दौरा केला होता, थोडं कळायचं.

"मला शिकव. उद्या उत्तर मी देणार."

मी शिकवलं. "मामी, ती विचारते तेच शब्द परत म्हणाल तर उत्तर होत नाही, उलट तुम्हीच विचारल्यासारखं होतं. आधी 'चांगली गेली' म्हणायचं, मग लगेच 'आणि तुमची?' नुसतं उत्तर देऊन गप्प राहिलं तर तिकडे दार आपटल्यासारखं वाटतं. आणि तिसरं, तिने पुन्हा तोंड उघडायच्या आत सांगायचं, 'मला एवढंच येतं.'"

"हे तिसरं कशाला? लाज काढायची का आपली?"

"ते सांगितलं नाही की काय होतं, ते पाहताय ना अंगणात?"

मामींनी रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता पाठ केलं. सकाळी मामांना बाजूला सारून पुढे झाल्या. उच्चार असे, जणू दगडावर धोपटलेलं धुणं. पण तिन्ही वाक्यं क्रमाने आली.

मालकीण थबकली. मग एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत बोलू लागली. बोट मामांकडे, बोट मामींकडे, आणि एक शब्द.

मामी माझ्याकडे वळल्या. "काय म्हणते?"

"विचारतेय, तुम्ही यांची थोरली बहीण ना?"

"बहीण?"

"म्हणते, तुमच्या भावानेच सांगितलं. रोज विचारलं, रोज 'हो हो' म्हणाले. आणि 'बायको नाही ना?' यालाही 'हो हो'च."

मामांचा चेहरा रंग न लावताच पांढरा पडला. "अगं, मला काय ठाऊक ती काय..."

"थांबा तुम्ही! हवापाणी म्हणे!" मामींनी मामांचं मनगट धरून आपल्या हातात अडकवलं आणि मालकिणीसमोर असं नाचवलं, की कुठल्याही मुलखात अर्थ कळावा. मालकीण आधी लाल झाली, मग खराट्यावर रेलून डोळ्यांत पाणी येईतो हसली. मामी मात्र हसल्या नाहीत. दिवसभर धुमसत होत्या.

दुसऱ्या सकाळी दोघं एकत्र खाली उतरली. मालकिणीने विचारलं, पण आज तिच्या शब्दाला शेवटी एक शेपूट होतं.

मामींनी लगेच मला कोपराने ढोसलं. "आज वेगळं काय बोलली गं?"

"एका माणसाला एक रूप, दोघांना दुसरं. आपल्यासारखं मानासाठी 'अहो' नाही ते. ती आज दोघांना मिळून विचारतेय."

तेवढ्यात मामा नेहमीच्या फर्ड्या हेलात सुरू झाले, "माझी चांगली..."

"आमची म्हणा!" मामी कडाडल्या. आणि 'आमची'ला लागतं ते शेपूट माझ्याकडून विचारून घेऊन, मोडक्यातोडक्या उच्चारात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं त्यांनी स्वतःच म्हटलं.