बारा हजारांचं कार्ड

आमचे हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि सगळे पैसे बँकेत ठेवीत टाकले, त्या वर्षीची गोष्ट. बँकेतला पोरगा घरी आला, चहा प्यायला, माझी शेंगा चटणी पाव किलो बांधून घेतली आणि ह्यांच्या हातात एक काळं कार्ड ठेवून गेला. पहिलं वर्ष फुकट. पुढं वर्षाला दहा हजार, वर जीएसटी. म्हणजे अकरा हजार आठशे. मी म्हटलं, "अहो, एवढ्यात वर्षाचा किराणा भागतो की निम्मा!"

"अगं, पॉइंट मिळतात. पॉइंटवर विमानानं जायचं, पोराकडं."

पोरगं आमचं दिल्लीला. गाडीनं पूर्ण दिवस-रात्र लागते, ह्यांच्या कमरेला ते झेपत नाही. म्हणून विमान. त्याच्या घराच्या वास्तुशांतीला एकदाच गेलो होतो, तिकिटं त्यानंच काढलेली. पुण्याच्या विमानतळावर लाउंज म्हणून बसायची-खायची खास खोली आहे, तिथं ह्यांनी कार्ड दाखवलं, दोन रुपये कापले आणि ह्यांना आत घेतलं. फुकट जेवण फक्त कार्डवाल्याला. मला आत जायचं तर हजारावर पैसे. मी बाहेर बाकावर बसले. अर्ध्या तासानं हे आले ते कागदी रुमालात केकचा तुकडा घेऊन. "लई भारी हाय आत," म्हणाले, मास्तर असून. पुढच्या वेळी आपल्या पॉइंटवर यायचं, असं विमानातून उतरताना म्हणाले.

तेव्हापासून घरातलं सगळं त्या कार्डावर. औषधं, लाइटबिल, विम्याचा हप्ता. मी भुसार बाजारातून शेंगदाणे रोखीनं आणले की ह्यांचा चेहरा पडायचा. पेट्रोलवर तर पॉइंटच नाहीत, हे वर्षानंतर कळलं. वर्षाला आठ लाख खर्च केले तर फी माफ होते म्हणे. आठ लाख! आम्ही दोघं जीव तोडून खर्च केला तरी अडीच लाखांच्या आतच.

यंदा चौथ्या वर्षाची फी लागणार म्हणून मेसेज आला. जुने पॉइंट तीन वर्षं झाली म्हणून आता रद्द होणार, हेही त्यातच. मी चौथी शिकलेली बाई, पण चटणीचा भाव काढून काढून हिशोब पक्का झालाय माझा. वही घेऊन बसले.

"किती पॉइंट?"

"एकोणीस हजार दोनशे."

"एकाचे किती पैसे?"

"त्यांच्याच साइटवर विमानाचं तिकीट काढलं तर रुपया. बिलात वळते करून घेतले तर तीस पैसे."

म्हणजे तिकीट काढलं तर एकोणीस हजार दोनशे, नाहीतर पाच हजार सातशे साठ. आणि फीपोटी दोनदा मिळून आपण भरले तेवीस हजार सहाशे. वही मी ह्यांच्याकडं सरकवली. नळाला पाणी यायची वेळ झाली होती तरी उठले नाही.

ह्यांनी आकडे दोनदा तपासले, मुलांचे पेपर तपासावेत तसे. "बरोबर आहे," म्हणाले. "बंद करू या. पण बंद केलं की पॉइंट जातात. आधी वापरले पाहिजेत. एकदा विचारून बघतो पोराला."

"विचारायचं काय त्यात? मागच्या दिवाळीला सांगितलं की त्यानं, पुढं बघू म्हणून. त्याच्या मागच्या दिवाळीलाही तेच."

तरी फोन लावला. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला. हे आवाज बारीक करून म्हणाले, "अरे, पॉइंट संपतायत. तिकिटं काढली तर रुपयाला रुपया मिळतो. तुझ्या सोयीची तारीख सांग. चार दिवस राहू. आईला चटणीच्या ऑर्डरी आहेत, जास्त नाही राहणार. कॅश घेतली तर तीस पैसेच पडतात."

तिकडं मागं टीव्ही चालू असावा, कुणी हसल्याचं ऐकू आलं.

"बाबा, कॅश घ्या तुम्ही," तो म्हणाला. "उगाच पॉइंट वाया नका घालवू."

"बरं," हे म्हणाले. "जेवलास का?"

मग चष्मा पुसून मोबाइलवर बोट टेकवलं. पाच हजार सातशे साठ. तेही हातात नाही, औषधांच्या बिलातून वजा. त्यानंतर कार्ड बंद करायला बँकेला फोन. तिकडची मुलगी गोड बोलली, निम्मी फी सोडते म्हणाली. हे नको म्हणाले.

"सर, बंद करण्याचं कारण काय नोंदवू?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघत होते.

"फी जास्त आहे," हे म्हणाले. "असं लिहा."