मागच्यासारखंच लिहा

माझं अक्षर चांगलं आहे. कौतुक म्हणून नाही सांगत, त्या अक्षरानं एका बाईचं वाटोळं केलं म्हणून सांगते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी लेखनिक होते. अवसरी बुद्रुकहून मंचर आणि मंचरहून पुढची एसटी, असा रोजचा प्रवास. डॉक्टर यायचे, वर्ष-दीड वर्ष काढायचे आणि बदली करून घ्यायचे. मी मात्र तिथंच. त्यामुळे मार्चअखेरीला सगळ्यांचे गोपनीय अहवाल भरायचे ते मीच. कुणी काम कसं केलं याचा शेरा खरं तर डॉक्टरांनी लिहायचा. पण नव्या डॉक्टरांना माणसं कुठं माहीत असायची? ते म्हणायचे, “बाई, मागच्यासारखंच लिहा की.” मी मागच्या वर्षीचा कागद पुढ्यात घेऊन सुंदर अक्षरात उतरवून काढायची. खाली त्यांची सही. संपलं काम.

आमच्याकडे एक नर्सबाई होत्या. डोंगरातल्याच, भातशेती करणाऱ्या घरातल्या. उपकेंद्र त्यांच्या ताब्यात आणि आजूबाजूच्या वाड्या पायी फिरायच्या. वीसेक वर्षं फिरून गुडघे पार कामातून गेले होते. त्यांना आरोग्य सहाय्यिकेची बढती हवी होती. ती मिळाली की खाली केंद्रात बसून इतर नर्सेसच्या कामावर देखरेख करायची, चढण सुटायची. दर महिन्याच्या मीटिंगला आल्या की माझ्या टेबलाशी टेकायच्या. “ताई, औंदा तरी व्हईल का वो? पाय लई बोलत्यात आता.” त्यांच्या उपकेंद्राच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मी रंगानं लिहून दिला होता. त्याचं त्यांना कोण कौतुक! आलेल्या-गेलेल्याला दाखवायच्या.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी एक पोरसवदा डॉक्टर आला. मार्चमध्ये मी नेहमीसारखे भरलेले कागद सहीला ठेवले. त्यानं सही केली नाही. नर्सबाईंचा कागद उचलून मोठ्यानं वाचला, “‘मनमिळाऊ, पण भावनाप्रधान. वरिष्ठांशी बोलताना संयम राहत नाही. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मर्यादा येतात.’ बाई, भावनाप्रधान म्हणजे यांनी नेमकं काय केलं?”

मी मागच्या वर्षीचा कागद काढून पुढे केला. त्यातही तेच.

“घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कुठलं काम अडलं?”

नर्सबाई विधवा, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरी होतं कोण!

त्यानं दुसरा कागद काढला. हे आमचे निमगाव सावाचे आरोग्य सेवक. त्यांचा शेरा, ‘सडेतोड, करारी.’ डॉक्टर म्हणाला, “आता या दोघांचे शेरे अदलाबदल करून वाचा.” मी वाचले. सेवकभाऊ मनमिळाऊ पण भावनाप्रधान, हे वाचून मला हसूच फुटलं. तो हसला नाही. “पुरुषाला लावून हसू येतं ना? मग तो शब्द काढा. आणि जो शब्द ठेवाल, त्याच्यामागे काय घडलं ते रजिस्टरमधून शोधून आणा. घडलेलं लिहा. स्वभाव नको.”

मेल्याचा राग आला मला. मार्चअखेरीची मरमर, त्यात हे नवीन शोधकाम. पण बसले मीटिंगची जुनी इतिवृत्तं काढून. ‘भावनाप्रधान’ पहिल्यांदा लिहिलं गेलं त्या वर्षापासून वाचत आले, आणि मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले होते तरी कधी?

त्या पावसाळ्यात केंद्राची जीप क्लच जाऊन पडली होती. वरच्या वाडीतली एक बाळंतीण अडली. तिला डोलीत घालून उतरवताना वाटेतच गेली. पुढच्या मीटिंगमध्ये तेव्हाच्या डॉक्टरांनी ‘नातेवाईकांनी उशीर केला’ असं लिहायला सांगितलं. नर्सबाई उठून उभ्या राहिल्या, आवाज चढला, डोळ्यांत पाणी होतं. “उशीर त्यांनी न्हाई केला सायेब. गाडी नव्हती. गाडी नव्हती आसं लिवा!” त्या मार्चला डॉक्टरांनी मला शेरा तोंडी सांगितला. त्याच वर्षी सेवकभाऊंनी मीटिंगमध्ये रजिस्टर आपटलं होतं. ते सडेतोड झाले.

आवक रजिस्टरला सापडलं की जीप दुरुस्त करा म्हणून नर्सबाईंनी पावसाळ्याआधी तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर आवक शिक्का मारणारी मीच.

डॉक्टरनं आणि मी चालू वर्षाचा शेरा नव्यानं लिहिला. ‘नेमून दिलेल्या सर्व वाड्यांना दरमहा भेटी दिल्या, नोंदी तपासल्या, बरोबर आढळल्या. जोखमीच्या गरोदर माता वेळेत ओळखून पाठवल्या. वाहन व औषधांच्या अडचणी लेखी कळवल्या. मासिक अहवाल दोनदा उशिरा आला, ठरल्या तारखेला द्यावा.’ उशिराचंही लिहायचं, असा त्याचा हट्ट. “खोटं कौतुकही नको.” सेवकभाऊंचंही तसंच केलं, करारी-बिरारी सगळं काढलं. प्रतवारी मिळाली ज्याला त्याला कामाप्रमाणे. मला वाटलं, चला, बाईंचं काम झालं.

कसलं झालं! बढतीची समिती पुण्याला बसायची आणि मागच्या पाच वर्षांचे अहवाल बघायची. एक चांगला, चार ‘भावनाप्रधान’वाले, चारींना ‘ब’, म्हणजे बढतीला कमीच. सही होऊन गेलेला कागद बदलता येत नाही. बरं, प्रतिकूल शेरा असता तर तो नियमानं त्यांना कळवावा लागला असता, त्यांनी उत्तर दिलं असतं. पण ‘भावनाप्रधान’ प्रतिकूल धरत नसत. म्हणून कधी कळवलाच नाही. बाई चार वर्षं आशेवर राहिल्या. बढती त्यांच्याहून नंतर लागलेल्या एकीला मिळाली.

बढती नसल्याचं पत्र घेऊन नर्सबाई आल्या. डॉक्टर म्हणाला, “दाखवा त्यांना फाइल. नियमात बसत नसेल तर मी बघून घेईन.”

मी पाचही कागद टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ‘भावनाप्रधान’वर बोट थांबलं. पुढच्या कागदावर थांबलं. त्याच्या पुढच्याही.

“सही डॉक्टरांची आहे,” मी म्हणाले. काय बोलले मी! अजून जीभ झडावी वाटते.

“सह्या येगयेगळ्या हायेत,” त्या म्हणाल्या. मग कागदावरून नजर न काढता हळूच, “अक्षर मातर वळखीचं हाये. माज्या भिंतीवर हाये ह्ये अक्षर.”

मला म्हणायचं होतं, चुकलं माझं. मी कागद गोळा करत राहिले. त्यांनी चष्मा पिशवीत ठेवला, टेबलाला हात टेकून उठल्या, गुडघ्याला हात लावून जराशा थांबल्या.

“यष्टी जाईल माजी,” म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

निवृत्त होईपर्यंत आणखी दोन पावसाळे त्या वाड्या पायीच फिरल्या. मीटिंगला येत. पण माझ्या टेबलाशी परत कधी टेकल्या नाहीत.