ज्योत्स्नाचं गाळलेलं प्रकरण

आमच्या बी.एड. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ज्योत्स्ना महालेचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. बाई मूळची पेठ तालुक्यातली, नाशकात शिकली, इथेच नोकरीला लागली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. तो विभाग माझ्याकडे आहे, हे अख्खं कॉलेज जाणतं.

ज्योत्स्नाची पीएच.डी. चालू होती. गाईड आमचेच विभागप्रमुख, ललित सर. विषय त्यांनीच दिला होता, कनेक्टिव्हिझम. "तुमच्या त्या शिक्षकांच्या ग्रुपला अगदी फिट बसतो," म्हणाले होते. तो ग्रुप ज्योत्स्नाने उभा केलेला. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडचे जिल्हा परिषदेचे शिक्षक त्यात एकमेकांना अडचणी विचारायचे, व्हिडिओ पाठवायचे.

मला तिने हा सिद्धांत डबा खाता खाता समजावला होता. शिकणं म्हणजे एकट्याने डोक्यात साठवणं नव्हे. माणसं, वेबसाइट, यंत्रं हे सगळे एका जाळ्याचे बिंदू. त्यांच्यात दुवे जोडायचे, ते टिकवायचे, त्यातून आपली वाट काढायची, हेच शिकणं. काय माहीत आहे यापेक्षा कुठून मिळेल हे माहीत असणं मोठं. इंटरनेट घरोघरी पोचायला लागलं त्या काळात कॅनडातल्या दोघांनी हे मांडलं. मी म्हटलं, "अगं, म्हणजे ज्ञान कुणाच्याच डोक्यात नाही?" ती हसली. "तिथेच तर माझं अडतंय, ताई."

अडलं ते सोमा भोयेपाशी. सोमा सुरगाण्याकडचा शिक्षक. त्याच्या पोरांना अपूर्णांक काही केल्या कळेनात, म्हणून त्याने ग्रुपवर विचारलं. मालेगावकडच्या एका बाईंनी पोळीचे तुकडे करून शिकवतानाचा व्हिडिओ टाकला. सोमाने पोळीच्या जागी नागलीची भाकरी घेतली आणि पोरांच्या बोलीत शिकवलं. पुढे पावसात तिकडचा टॉवर बंद पडला. ना ग्रुप, ना व्हिडिओ. रेंज आली तेव्हा त्याचा फोन आला, "ताई, टावर बंद होता तरी शिकवणं चालूच व्हतं. पोरांना आता लय भारी जमतंय!"

ज्योत्स्ना त्या फोनने जागच्या जागी थबकली. शिकणं जाळ्यात असेल, तर जाळं तुटल्यावर सोमाकडे उरलं ते काय? ते तर माणसात उतरलं होतं. मग तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं: कनेक्टिव्हिझमला सिद्धांत म्हणायचं का? शिकणं कुठे घडतं आणि काय शिकावं हे तो सांगतो, पण माणसाच्या आत ते कसं घडतं हे सांगत नाही. माणसं एकमेकांकडून शिकतात, स्वतः अर्थ रचतात, हे जुने सिद्धांत आधीच सांगून बसलेत. आणि मुख्य म्हणजे, काय दिसलं तर हा चूक ठरेल, हे कुठे सांगितलेलंच नाही. म्हणून बरेच अभ्यासक त्याला शिकवण्याचा एक दृष्टिकोन म्हणतात, सिद्धांत नाही. हे त्यांचं म्हणणं तिने मांडलं आणि पुढे सोमा लिहिला. 'टॉवर बंद होता, शिकवणं चालू होतं.' बोलणं सोमाचं, वाक्य तिचं.

ललित सरांनी ते प्रकरण वाचलं. मी समोरच पेपर तपासत बसले होते. "अहो ज्योत्स्नाताई, स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड कशाला मारताय? माझ्या पेपरमध्ये मी याला सिद्धांत म्हटलंय. गाईड एक म्हणतो, विद्यार्थिनी दुसरं, बरं दिसतं का ते? काढून टाका." ज्योत्स्नाने काढलं. गाईडचा शब्द मोडायचा नसतो, हे आमच्याकडे पहिल्या वर्षीच अंगात मुरतं.

प्री-सबमिशनच्या सेमिनारला पुण्याहून तज्ज्ञ बाई आल्या. चांगल्या होत्या, कडक होत्या. पहिलाच प्रश्न, "यावरची टीका कुठेय? हा सिद्धांतच नाही असं इतके जण म्हणतात, तुम्ही वाचलंच नाहीये का?"

ज्योत्स्नाने सरांकडे पाहिलं. सर कागद चाळत म्हणाले, "मीही त्यांना हेच सांगत होतो, मॅडम. पण त्या विषयाच्या जरा प्रेमातच आहेत."

मी ताडकन उठले. "सर, तुम्हीच काढायला लावलंत! मी तिथेच बसले होते."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," सर म्हणाले आणि चहा आणायला सांगितला. काय तो थंडपणा! तज्ज्ञ बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि निकाल दिला: टीकेचं प्रकरण घाला, मगच प्रबंध जमा होईल. ज्योत्स्ना घरी जाताना एवढंच म्हणाली, "जाऊ दे ताई, प्रकरण तर तयारच आहे."

तिने ते होतं तसं परत घातलं. जमा करण्याआधी प्रबंध ग्रंथालयातल्या त्या सॉफ्टवेअरमधून जातो, दुसऱ्याचं उचललेलं असेल तर ते लाल करून दाखवतं. मी सोबत गेले होते. बाकी सगळी पानं स्वच्छ निघाली. ते प्रकरण मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल. 'टॉवर बंद होता, शिकवणं चालू होतं' तेसुद्धा लाल. मूळ स्रोत म्हणून समोर ललित सरांचा ताजा लेख आला. कनेक्टिव्हिझम हा सिद्धांत का नाही, या विषयावरचा.

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. मत बदला ना, कोण नको म्हणतं? पण ज्या बाईला गप्प केलंत, तिचेच शब्द उचलून बोलायचं?  ज्योत्स्ना स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सात वर्षं मी यांना सर म्हणतेय." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही तडक केबिनमध्ये गेलो. सर जराही गडबडले नाहीत. "असं बघा, आपण चर्चा करतो, वाचतो, एकमेकांना पाठवतो. ज्ञान जाळ्यात असतं, कुणा एकाचं नसतं. हे तर तुम्हीच लिहिलंय."

"आणि तो सिद्धांत नाही, असं तुम्ही लिहिलंय," ज्योत्स्ना म्हणाली. "मग सोयीला तो सिद्धांत आहे आणि लेखात नाही, असं कसं, सर?"

 सरांनी चष्मा पुसला आणि अगदी मायेने सांगितलं, "तक्रार करायची तर जरूर करा. चौकशी चालेल, वर्षं जातील. गाईड बदलायचा तर त्यालाही माझीच संमती लागते. नाहीतर माझ्या लेखाचा संदर्भ द्या. लाल रंग लगेच जाईल."

मी म्हटलं, तक्रार करूच, मी साक्ष देते. ज्योत्स्ना म्हणाली, "माझी पीएच.डी.ची मुदत संपत आलीय, ताई. वर्षं कुठून आणू?" 

परवा स्टाफरूममध्ये ती टाइप करत बसली होती. मी वाकून पाहिलं. स्वतःच्या एकेका वाक्याला ती अवतरणचिन्हं घालत होती आणि कंसात सरांचं आडनाव लिहीत होती. तेवढ्यात सोमाचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला, हात कामात होते.

"ताई, माझ्या शाळेचं आलं का व्हं तुमच्या पुस्तकात?"

"आलं, सोमा."

"तुम्हीच लिहेल ना? मी गावात सांगेल हाय, ज्योत्स्नाताईंनी लिहिलंय म्हणून."

ज्योत्स्नाने 'टॉवर बंद होता' यापुढचं अवतरणचिन्ह पुरं केलं. "हो," म्हणाली, "गावात तसंच सांग."